रेडिओच्या फोन-इनमध्ये तेच ते उद्धट आणि भरकटलेले कॉलर येतायत? आधी ओपनिंग तपासा, मग थांबवायच्या लाइन

प्रॉब्लेम साधारण असा असतो. विषय चांगला निवडलेला, लाइन भरलेल्या, आणि तरी दर भागात दोन-तीन फोन असे येतात की माणूस विषय सोडून भलतंच बोलत सुटतो, कुणी आवाज चढवतो, कुणी एखाद्याचं नाव घेऊन आरोप करतो, आणि निवेदक मध्ये "हो हो, बरोबर, पण..." करत राहतो. पुढच्या भागात परत तेच. मग सगळे म्हणतात श्रोतेच तसे आहेत, काय करणार. माझं मत स्पष्ट आहे, श्रोते तसे नसतात, बहुतेक वेळा ओपनिंगमध्ये भोक असतं आणि थांबवायची वाक्यं ऐनवेळी सुचतील अशा भरवशावर सोडलेली असतात. दोन्ही गोष्टी लिहून ठेवता येतात, आणि लिहूनच ठेवायला पाहिजेत, कारण कॉलर ओरडत असताना कुणालाच चांगलं वाक्य सुचत नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते ओळखा. मागच्या काही भागांचं रेकॉर्डिंग काढा आणि फक्त बिघडलेले फोन ऐका, बाकीचे सोडून द्या. प्रत्येक फोनमध्ये एकच गोष्ट बघायची, माणूस कितव्या सेकंदाला घसरला. पहिल्या पंधरा-वीस सेकंदातच विषयाबाहेर असेल तर तो मुळात काय बोलायचंय ते समजून फोनवर आलेलाच नाही, म्हणजे दोष ओपनिंगचा किंवा आत फोन घेणाऱ्याचा. सुरुवात बरी होती आणि मिनिटभराने वाहवत गेला असेल तर दोष थांबवण्याचा. आणि आत फोन घेणाऱ्याशी गोड बोलून एअरवर आल्याआल्या शिवी दिली असेल तर तो माणूस ठरवूनच आला होता, तिथे ओपनिंग काही करू शकत नाही, तिथे डिले, म्हणजे प्रसारण काही सेकंद उशिरा सोडायची सोय, आणि हाताचा क्रम कामाला येतो. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, सरसकट "निवेदकाने कडक व्हावं" असं ठरवलं की चांगले कॉलर पण दबकतात आणि वाईट आहेत तसेच राहतात.

ओपनिंगमधलं भोक

नेहमीचं ओपनिंग असं असतं: "आजचा विषय आहे मुलं आणि मोबाईल. तुम्हाला काय वाटतं? आम्हाला फोन करा, लाइन खुल्या आहेत." यात तीन चुका आहेत. विषय म्हणजे मैदानासारखा मोकळा, त्याला कडाच नाही, त्यामुळे शाळा, सरकार, सूनबाई, मोबाईलच्या किमती, सगळं "विषयावरच" होतं आणि तुम्ही थांबवलं तर कॉलरला ते अन्यायाचं वाटतं. दुसरं, "काय वाटतं" विचारलं की लोक मत देतात, आणि मताला शेवट नसतो. "तुमच्या घरी काय होतं" विचारलं की माणूस घडलेलं सांगतो, आणि घडलेल्या गोष्टीला आपोआप शेवट असतो. तिसरं, मी मध्ये थांबवणार आहे हे आधी सांगितलेलंच नाही, म्हणून थांबवलं की ते त्या माणसाचा अपमान ठरतं.

आता त्याच विषयाचं दुरुस्त ओपनिंग बघा, हे जसंच्या तसं कागदावर ठेवायचं आणि वाचायचं:

"नमस्कार, पुढचा एक तास मी तुमच्यासोबत आहे आणि आज आपण एकाच प्रश्नावर बोलणार आहोत. तुमच्या घरी रात्री मुलांच्या हातातला मोबाईल किती वाजता बाजूला जातो, आणि ती वेळ कुणी ठरवली. शाळेतला मोबाईल आणि ऑनलाइन अभ्यास हा आजचा विषय नाही, त्यावर आज बोलणार नाही. फोन लागला की फक्त पहिलं नाव सांगा, रेडिओचा आवाज पूर्ण बंद करा, आणि तुमच्या घरात काय होतं तेवढं सांगा. प्रत्येकाला साधारण दीड मिनिट आहे, वेळ झाली की मी मध्येच थांबवते, ते सगळ्यांना सारखंच लागू आहे. कुणा व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव घेऊन तक्रार इथे करू नका, कारण उत्तर द्यायला ते इथे नाहीत."

निवांत वाचलं तर पाऊण मिनिटात होतं. लांब वाटेल, पण यातलं प्रत्येक वाक्य नंतर हत्यार म्हणून वापरायचं आहे. विषयाची कड आखली, म्हणजे "हे आजच्या विषयात नाही" असं म्हणता येतं आणि ती तुमची लहर वाटत नाही. दीड मिनिट आधी बोलून ठेवलं, म्हणजे थांबवणं हा नियम झाला. रेडिओ बंद करायचं कारण निव्वळ तांत्रिक आहे, कार्यक्रम डिलेवर जात असेल तर कॉलरला स्वतःचाच आवाज काही सेकंदांनी मागून ऐकू येतो, तो गोंधळतो, थांबतो, परत तेच बोलतो, आणि त्या गोंधळातून चिडतो. आणि डिले नसेल तर त्याचा रेडिओ त्याच्याच फोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. म्हणजे उद्धट वाटणाऱ्या काही फोनची सुरुवात निव्वळ चालू राहिलेल्या रेडिओपासून होते.

एक गोष्ट मी मुद्दाम घातलेली नाही, "शिवीगाळ केली तर फोन बंद करू" ही. बरेच जण ती घालतात. माझ्या मते घालू नये, कारण ज्यांच्या मनातही नव्हतं त्यांना ती सूचना टोचते, आणि ज्यांना गंमत करायची असते त्यांना ते आव्हान वाटतं. शिवीची व्यवस्था हाताने करायची, तोंडाने जाहीर करायची नाही.

अजून एक, ओपनिंग एकदाच वाचून पुरत नाही. लोक कधीही रेडिओ लावतात, अर्ध्या तासानंतर फोन करणाऱ्याने तुमचं ओपनिंग ऐकलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक गाण्यानंतर किंवा ब्रेकनंतर दहा-बारा सेकंदांची छोटी आवृत्ती: "प्रश्न एकच आहे, घरी रात्री मोबाईल किती वाजता बाजूला जातो आणि ते कुणी ठरवलं. पहिलं नाव, रेडिओ बंद, दीड मिनिट." तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये भरकटलेले फोन जर तासाच्या उत्तरार्धातच जास्त असतील तर समजा ही छोटी आवृत्ती राहून जातेय.

आत फोन घेणाऱ्याला पण एकच प्रश्न द्या, "एअरवर गेल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय असेल?" विषय काय, मत काय, असं विचारलं की लोक "विषयावरच बोलायचंय" म्हणतात आणि पुढे येतात. पहिलं वाक्य विचारलं की खरं काय ते लगेच कळतं, आणि त्या माणसालाही बोलायची तयारी होते. फार वेळ होल्डवर ठेवणार असाल तर किती वेळ लागेल ते सांगा, वीस मिनिटं लटकलेला माणूस एअरवर येतो तेव्हा निम्मा राग त्या होल्डचाच असतो.

सेफ लाइन कशी बांधायची

सेफ लाइन म्हणजे असं वाक्य जे कुठल्याही मूडमध्ये, कुठल्याही कॉलरला, न बदलता बोलता येतं आणि नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तर लाजायची वेळ येत नाही. तिचा सांगाडा सोपा आहे, आधी नाव, मग कारण, मग पुढची दिशा. आणि एक अट, थांबवणाऱ्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नको. "आपण विषयावर येऊया का?" असं विचारलं की तुम्ही माइक परत त्याच्या हातात दिला, तो "नाही, आधी माझं ऐका" म्हणू शकतो आणि म्हणतोच. "विषयावर येऊ" हे विधान आहे, त्याला उत्तर लागत नाही.

नाव आधी का, तर स्वतःचं नाव ऐकलं की माणूस क्षणभर तरी थबकतो. पण इथे फोनची एक अडचण असते. कॉलर जोरात बोलत असला की तुमचा आवाज त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही, मोबाईल असेल तर वर थोडा उशीरही असतो, त्यामुळे एकदा नाव घेऊन लगेच वाक्य सुरू केलं तर दोघे एकावर एक बोलता आणि श्रोत्याला कुणाचंच कळत नाही. म्हणून तो श्वास घेतो तिथे नाव, अर्धा सेकंद गप्प, परत नाव, आणि त्या दुसऱ्या नावाबरोबर त्याचा फेडर, म्हणजे त्याचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, अर्ध्यापर्यंत खाली. पूर्ण नाही, अर्ध्यापर्यंत. मग तुमचं वाक्य वरचढ ऐकू येतं आणि तो मागे बोलतोय हेही कळतं, म्हणजे एकदम गळा दाबल्यासारखं वाटत नाही.

विषयाबाहेर गेलेल्यासाठी पहिली लाइन: "सुनीताताई... सुनीताताई, हा मुद्दा वेगळा आहे, त्याला आज वेळ देता येणार नाही. तुमच्या घरी मोबाईल किती वाजता बाजूला जातो, तेवढं सांगा." ही एकदाच वापरायची. परत तिकडेच गेल्या तर दुसरी: "सुनीताताई, फोन केलात त्याबद्दल आभार, मी पुढच्या लाइनवर जाते." आणि जायचंच, तिसरी संधी नाही. तिसरी दिली की ऐकणाऱ्या बाकीच्यांना कळतं की इथे रेटलं तर चालतं, आणि पुढचा कॉलर रेटतो.

तुमच्यावरच घसरला असेल, म्हणजे "तुम्हाला काय कळतंय, तुम्ही विकलेले लोक" वगैरे, तर: "तुमचा राग माझ्यापर्यंत पोचला. आता आजच्या प्रश्नावर तुमचं एक वाक्य." बचाव करायचा नाही, आम्ही कसे निष्पक्ष आहोत ते सांगायचं नाही, कारण तुम्ही बचाव सुरू केला की कार्यक्रमाचा विषय तुम्ही स्वतः झालात. गंमत म्हणजे यातले निम्मे लोक ते एक वाक्य खरंच चांगलं बोलतात, राग ऐकून घेतला एवढंच त्यांना हवं असतं.

दुसऱ्या कॉलरवर, एखाद्या समाजावर, बायकांवर घसरला तर मात्र संधी नाही. फेडर शून्यावर आणि "असं बोलणं इथे चालत नाही, हा फोन मी बंद केलाय." बस. मग एक श्वास आणि पुढचं नाव. गेलेल्या माणसाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, तो उत्तर देऊ शकत नाही आणि ऐकणाऱ्याला ते पाठीमागून वार केल्यासारखं वाटतं. टोमणा मारायचा मोह होतो, पण त्या टोमण्याने दोन गोष्टी होतात, तो माणूस चिडून दहा वेळा फोन लावतो आणि त्याच्या बाजूचे लोक पण लावतात.

एक फोन पूर्ण बघू

वरच्याच विषयावर एक फोन आला असं धरा. कॉलर महेश. आत पहिलं वाक्य सांगितलं होतं, "आमच्याकडे रात्री नऊला मोबाईल बंद होतो." एअरवर तेच बोलला, छान. पस्तीसाव्या सेकंदाला म्हणाला, "पण शाळाच सगळं मोबाईलवर पाठवते तर काय करणार." ही कड आहे, इथेच पहिली लाइन यायला हवी, "महेशदादा... महेशदादा, शाळेचं आज नाही, नऊला बंद होतो तर मुलं ऐकतात कशी ते सांगा." बरेच निवेदक इथे थांबतात, म्हणतात बोलू दे थोडं, अजून वाईट काही बोललेला नाही. पण अमुक शाळा, मग अमुक मुख्याध्यापक, मग "पैसे खातात" हा प्रवास वीसेक सेकंदांचा असतो. पहिल्या कडेला थांबवणं सोपं असतं, शेवटच्या टोकाला थांबवलं की ते भांडण दिसतं.

समजा ती संधी हुकली आणि पन्नासाव्या सेकंदाला त्याने शाळेचं नाव घेऊन म्हटलं की ते पालकांकडून पैसे उकळतात. आता सेफ लाइन ही: "महेशदादा, इथे थांबवते. ज्यांचं नाव आलं ते उत्तर द्यायला इथे नाहीत, म्हणून हा भाग आपण पुढे नेत नाही. फोनबद्दल आभार." यात तीन गोष्टी टाळल्यात त्या नीट बघा. शाळेचं नाव परत घेतलेलं नाही, कारण परत घेतलं की आरोप दुसऱ्यांदा प्रसारित झाला आणि यावेळी तुमच्या तोंडून. "हे खोटं आहे" म्हटलेलं नाही, कारण तुम्हाला माहीत नाही. "असं होतं खरं" किंवा नुसतं "हं" पण म्हटलेलं नाही, कारण ते दुजोरा दिल्यासारखं ऐकू येतं. ते "हं" फार सवयीचं असतं बरं का, हुंकार देत ऐकायची आपली पद्धतच आहे, पण आरोप चालू असताना तोंड बंद आणि हात फेडरवर. कॉलर बोलला म्हणून जबाबदारी फक्त त्याची असं नसतं, जे प्रसारित झालं त्याची जबाबदारी केंद्रावरही येते, त्यामुळे डिले असेल तर हा आरोप शिवीसारखाच कापायचा.

डिले आणि हाताचा क्रम

डिले म्हणजे तुम्ही बोलता ते काही सेकंद उशिरा प्रसारित होतं, बऱ्याच ठिकाणी सात-आठ सेकंद ठेवतात. डंप बटण दाबलं की साठवलेले ते सेकंद पुसले जातात आणि प्रसारण एकदम आत्ताच्या क्षणावर येतं. आता इथेच सगळ्यात महागडी चूक होते. घाबरून आधी डंप दाबतात आणि कॉलर अजून लाइनवर असतो. डंप झाल्यावर डिले संपलेला असतो, म्हणजे पुढची शिवी थेट, त्याच सेकंदाला एअरवर. म्हणून क्रम कायम असा: आधी कॉलरचा फेडर खाली, मग डंप, मग तुमची लाइन. सात सेकंद हातात आहेत, फेडर आणि डंप मिळून दोनच लागतात. फोन कट करणं सगळ्यात शेवटी, त्याची घाई नाही, फेडर खाली असला की तो कितीही ओरडू दे. काही सिस्टिममध्ये दोन्ही एकाच बटणावर जोडलेलं असतं, तुमच्याकडे काय आहे ते रिकाम्या स्टुडिओत करून बघा, अंदाजावर राहू नका.

डंपनंतर काय बोलायचं यातही गडबड होते. शिवी श्रोत्याने ऐकलेलीच नाही. तुम्ही "आत्ता जे ऐकलंत त्याबद्दल माफी" म्हणालात तर सगळे विचारात पडतात की काय होतं बुवा, आणि शोध सुरू. श्रोत्याला फक्त एक उडी ऐकू आली, कुणीतरी अर्धं वाक्य बोलत होतं आणि एकदम तुम्ही आलात. त्यामुळे लाइन मागच्याला न चिकटणारी हवी: "आपण बोलतोय घरातल्या रात्रीच्या मोबाईलबद्दल, एक गाणं ऐकू आणि परत येऊ." गाणंच का, तर डंपनंतर डिले परत भरायला वेळ लागतो, यंत्र आवाज किंचित ताणत ताणत तो भरतं, आणि तो पूर्ण भरेपर्यंत तुमच्याकडे पुरेसं संरक्षण नसतं. भरल्याचा दिवा किंवा आकडा दिसेपर्यंत नवा फोन घ्यायचा नाही. खोडसाळ लोक कधीकधी जोडीने फोन लावतात, दुसरा लगेच मागे उभा असतो, त्यासाठी हे पाळाच.

डिले नसेल किंवा बटण चुकलं आणि शब्द गेलाच, तर मात्र माफी मागायची, एकदा आणि छोटी. "आत्ता एअरवर गेलेल्या भाषेबद्दल मी श्रोत्यांची माफी मागते," आणि पुढे. शब्द परत उच्चारायचा नाही, हसायचं नाही, दर पाच मिनिटांनी आठवण काढायची नाही.

जिथे या लाइन वापरायच्या नाहीत

एक प्रकारचा कॉलर उद्धट वाटतो पण नसतो. रडत बोलणारा, शब्द अडखळणारा, विषय सोडून "आता काही अर्थ नाही" असं काहीतरी म्हणणारा, किंवा घरात मार खात असल्याचं सांगणारा. याला "विषयावर येऊ" म्हणणं क्रूर आहे. इथे आवाज खाली आणायचा आणि हे बोलायचं: "तुम्ही फोन ठेवू नका. मी एक गाणं लावते आणि आमची सहकारी आत्ता तुमच्याशी बोलेल, एअरवर नाही, फक्त तुमच्याशी." मग खरंच बोलायला माणूस हवा आणि त्याच्यासमोर मदतीचे नंबर लिहिलेले हवेत, नाहीतर ते आश्वासन खोटं ठरतं. ओळख पटेल असं काही, नाव, पत्ता, कामाची जागा, एअरवर विचारायचं नाही. वेगळा कसा ओळखायचा, तर उद्धट माणूस तुम्हाला बोलू देत नाही, आणि हा माणूस तुम्ही बोललात की गप्प होतो आणि ऐकतो. शंका असेल तर त्याला या बाजूलाच धरा, चुकलात तरी फक्त एक गाणं जास्त वाजेल.

लाइन एका पानावर मोठ्या अक्षरात छापा, ओपनिंग वर, थांबवायच्या लाइन मध्ये, डंपनंतरची आणि गाण्याची लाइन खाली, आणि फेडरच्या शेजारी ठेवा. मग एका सहकाऱ्याला आतल्या फोनवर बसवून मुद्दाम त्रास द्यायला सांगा, रेकॉर्डिंग करा, आणि बघा की कॉलर घसरल्यापासून तुमचं पहिलं नाव यायला किती सेकंद गेले. पाचच्या वर जात असतील तर अडचण लाइनची नाही, तुम्ही अजून कागदाकडे बघून शोधताय, म्हणजे पाठ झालेलं नाही. अशा वेळी पानावरच्या लाइन कमी करा, तीनच ठेवा, विषयाबाहेरची, आरोपाची आणि गाण्यावर जायची.